ज्यांच्यामागे ईडी लागत नाही अशी इंग्रजी क्रियापदं

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात पन्नाशीचे एक काका येतात. एका मोठ्या सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन आहेत. रजिस्टर इंग्रजीत लिहायचं असा तिथे नियम आहे, म्हणून काका लिहितात, आणि दुसऱ्या दिवशी ते पान मोबाइलवर फोटो काढून मला दाखवतात. एका पानावर असं होतं: "अ‍ॅट ११ पीएम आय शटेड बॅक गेट. वन बाइक हिटेड द गेट. बॉय हर्टेड हिज नी. आय पुटेड कॉटन. हेडलाइट कॉस्टेड ४०० रुपीज."

मी पाचही क्रियापदांखाली रेघ मारली. काका म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना ईडी लावलंय की. भूतकाळ झाला ना?"

"काका, या पाचांच्या मागे ईडी लागत नाही," मी म्हटलं, आणि वर्ग हसला. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग रोज गेट लावतो तेही 'शट' आणि काल लावलं तेही 'शट'. वाचणाऱ्याला कळणार कसं?"

सगळा धडा या प्रश्नात आहे. शट, कट, पुट, हिट यांची यादी तर शाळेतच घोकून झालेली असते: "पुट-पुट-पुट, कट-कट-कट". रूपं पाठ असतात, पण काळ कुठे लपलाय ते शोधायला कुणी शिकवलेलं नसतं. तेच आता पायरीपायरीने बघू, आणि काकांचं पान शेवटपर्यंत हाताशी ठेवू.

पहिली पायरी: शेपूट बघा

या घराण्यातल्या क्रियापदांची पहिली खूण म्हणजे त्यांचा शेवट. सगळी 'ट' किंवा 'ड' या आवाजावर संपतात. रोजच्या वापरातली बघा: कट, पुट, हिट, लेट, सेट, शट, हर्ट, कॉस्ट, बर्स्ट, कास्ट, क्विट, स्प्लिट, आणि 'ड'वाली स्प्रेड, शेड. बहुतेक एका उच्चाराची, तोकडी. त्यांना पुढे काही जोडून झालेले शब्दही त्याच वळणाने जातात: सेटचं रीसेट, कास्टचं ब्रॉडकास्ट, आणि अपसेट.

उलटं मात्र खरं नाही. 'ट'-'ड'वर संपलं म्हणजे घराण्यातलंच, असं समजू नका. व्हिजिट, वेट, वॉन्ट, नीड, स्टार्ट, पेंट यांना सरळ ईडी लागतं आणि 'इड' असा उच्चार होतो: व्हिजिटेड, स्टार्टेड, पेंटेड. थोडक्यात, शेपटावरून एवढंच ठरतं की हे क्रियापद इथलं नक्की नाही. 'वॉक' किंवा 'ओपन' यांचा शेवट 'ट'-'ड' नाही, तेव्हा ती इथली नाहीत. शंका घ्यायची ती फक्त 'ट' आणि 'ड'वाल्यांबद्दल.

हे असं का झालं याची गोष्ट छोटी आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत भूतकाळासाठी क्रियापदाला 'दे' किंवा 'ते' असं शेपूट जोडत. 'सेट'चं तेव्हाचं रूप 'सेत्तान', आणि त्याचा भूतकाळ 'सेत्ते'. गंमत म्हणजे 'मी ठेवतो' आणि 'मी ठेवलं' या दोन्हींसाठी तेव्हाही 'सेत्ते' हेच रूप होतं, म्हणजे काकांचा प्रश्न हजार वर्षं जुना आहे. मूळ शब्दाच्या शेवटी 'त' होताच, त्याला आणखी 'त' येऊन चिकटला. पुढच्या शतकांत शेवटचा 'ए' बोलण्यातून गळला, मग दोन 'त' शेजारी-शेजारी कोण म्हणणार, तेही एकात मिसळले. राहिलं नुसतं 'सेट'. बाहेरून आलेले पाहुणेही याच पंक्तीत बसले: 'हिट' आणि 'कास्ट' उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून, 'हर्ट' आणि 'कॉस्ट' फ्रेंचमधून. शेवट 'ट' असल्यामुळे त्यांनाही तीच सवय लागली.

आपल्याला ही सवय खरं तर अवघड जाऊ नये. "फोन कट करतो", "फोन कट केला", "फोन कट करणार" असं आपण दिवसभर बोलतो. 'कट' तिन्हीकडे तसंच्या तसं राहतं आणि काळाचं ओझं 'करणे' उचलतं. इंग्रजीतही 'कट' तसंच राहतं. फरक इतकाच की तिथे ओझं उचलायला 'करणे' नाही, ते दुसरंच कुणीतरी उचलतं. कोण, ते बघू.

दुसरी पायरी: 'एस' आहे का बघा

पहिला हमाल म्हणजे 'एस'. वर्तमानकाळात 'ही, शी, इट' किंवा एकट्या माणसाचं-वस्तूचं नाव कर्ता असेल तर क्रियापदाला 'एस' लागतो: ही पुट्स, शी कट्स, इट कॉस्ट्स. भूतकाळात तो लागत नाही: ही पुट, शी कट, इट कॉस्ट. तेव्हा एकवचनी कर्त्यापुढे उघडंबोडकं 'पुट' दिसलं की तो भूतकाळच. तिथे वेगळा पुरावा शोधायची गरज नाही.

काकांच्या पानाकडे वळू. दुरुस्त केल्यावर पान असं झालं: "अ‍ॅट ११ पीएम आय शट द बॅक गेट. अ बाइक हिट द गेट. द बॉय हर्ट हिज नी. आय पुट कॉटन ऑन इट. द हेडलाइट कॉस्ट ४०० रुपीज."

बाइक एक, मुलगा एक, हेडलाइट एक. वर्तमानकाळ असता तर हिट्स, हर्ट्स, कॉस्ट्स झालं असतं. तसं नाही, म्हणजे बाइक धडकली, मुलाला लागलं, हेडलाइटला ४०० रुपये पडले. तीन वाक्यांचा निकाल तिथल्या तिथे लागला.

राहिली दोन, "आय शट" आणि "आय पुट". 'आय, यू, वुई, दे' यांना वर्तमानातही 'एस' लागत नाही, त्यामुळे इथे खूण संपते. "अ‍ॅट ११ पीएम" लिहिलंय खरं, पण "रोज रात्री ११ वाजता मी गेट लावतो" असंही ते वाचता येतं. अशा ठिकाणी वेळेचा शब्द घालावा लागतो. मी काकांना सुरुवातीला "लास्ट नाइट" टाकायला सांगितलं: "लास्ट नाइट अ‍ॅट ११ आय शट द बॅक गेट." एका शब्दाने सुरुवात पक्की केली की पुढची वाक्यं तिच्या आधाराने उभी राहतात, प्रत्येकात "लास्ट नाइट" कोंबावं लागत नाही.

आता यातली खरी गोची. आपल्याकडे बोलताना 'एस' गिळायची सवय फार आहे. "माय ब्रदर पुट शुगर इन टी" असं आपण "भाऊ चहात साखर घालतो" या अर्थाने म्हणून जातो. 'वॉक' किंवा 'ईट'च्या बाबतीत ही चूक झाली तर ऐकणारा फार तर व्याकरण चुकलं म्हणेल, अर्थ त्याला कळतो. इथे मात्र अर्थच बदलतो. "ही पुट शुगर" ऐकणाऱ्याला "त्याने साखर घातली" असंच ऐकू येणार, कारण ते बिनचूक भूतकाळी वाक्य आहे. चूक कानाला लागत नाही, म्हणून ती कुणी दुरुस्तही करत नाही.

डॉक्टरांपुढे तर हे महागात पडतं. "इट हर्ट्स" म्हणजे दुखतंय. "इट हर्ट" म्हणजे दुखलं, दुखत होतं. परदेशी मुलाकडे गेलेली आई तिथल्या डॉक्टरांना गुडघा दाखवत "इट हर्ट" म्हणाली, तर डॉक्टर साहजिकच विचारतील, "अँड नाऊ?" तिला वाटणार, एवढं सांगूनही यांना कळत नाही. दुकानातही तेच. "इट कॉस्ट्स ५००" ही आजची किंमत, "इट कॉस्ट ५००" म्हणजे तेव्हा ५०० पडले, आज कितीला मिळेल देव जाणे. म्हणून या घराण्यापुरता नियम करा: 'एस' उच्चारायचाच, थोडा ठसक्यात. पुट्स, कट्स, हिट्स, हर्ट्स. कॉस्ट्समध्ये तीन व्यंजनं एकावर एक येतात आणि जीभ अडखळते. ते घरी दहा वेळा म्हणून बघा.

तिसरी पायरी: वाक्य नकारी करून बघा

दुसऱ्याचं लिहिलेलं वाचताना काळ कळेना, तर वाक्य मनातल्या मनात नकारी करा. "आय पुट द की अंडर द मॅट" या वाक्याला "डोन्ट पुट" शोभतं की "डिडन्ट पुट", ते आजूबाजूच्या मजकुरावर लावून बघा. पुढे "बट नाऊ इट इज नॉट देअर" असेल तर "डोन्ट" बसणारच नाही. किल्ली ठेवली होती, आता नाही, म्हणजे भूतकाळ.

स्वतः लिहिताना याच जागी दुसरी चूक होते. नकारात आणि प्रश्नात काळाचं ओझं 'डू, डज, डिड' उचलतात, मागचं क्रियापद मोकळं राहतं. "आय डिडन्ट पुटेड" हे दोनदा चुकीचं आहे. एक तर 'पुट'ला ईडी नाही, आणि असतं तरी 'डिड' आल्यावर ते गळालं असतं. "ही डझन्ट पुट्स"मध्येही तेच, 'डज'ने 'एस' आधीच उचललाय. 'विल', 'कॅन', 'मस्ट' यांच्या मागेही क्रियापद मोकळंच येतं. त्यामुळे 'एस' शोधण्याआधी अशा मदतनीस शब्दांकडे नजर टाकायची. "ही विल पुट" मध्ये 'एस' नाही म्हणून त्याला भूतकाळ ठरवलंत तर फसलात.

चौथी पायरी: तिसरं रूप ओळखा

शाळेतल्या भाषेत व्ही-थ्री. 'हॅव, हॅज, हॅड' नंतर येतं तेव्हा ओळखायला सोपं: "आय हॅव पुट द बॅग इन द कार." 'इज, वॉज, वेअर' नंतर येतं तेव्हा कर्त्यावर काहीतरी घडलेलं असतं: "द वायर वॉज कट", वायर कापली गेली. मदतनीस समोर असला की काही अडत नाही.

अडचण येते ती वर्तमानपत्राच्या मथळ्यात, कारण तिथे जागा वाचवायला मदतनीस गाळतात. पावसाळ्यात मुंबईचा इंग्रजी पेपर उघडला की दोन तऱ्हेचे मथळे दिसतील. एक, "हेवी रेन हिट्स लोकल ट्रेन्स". दुसरा, "लोकल ट्रेन्स हिट बाय हेवी रेन". पहिल्यात पावसाने लोकलला फटका दिला, 'हिट्स'चा 'एस' समोर आहे. दुसऱ्यात लोकलने कुणाला धडक दिलेली नाही, लोकललाच फटका बसलाय. तिथे मधला 'आर' किंवा 'वेअर' गाळला आहे आणि 'हिट' हे तिसरं रूप आहे. ओळखायचं 'बाय'वरून. 'बाय' नसेल तर अक्कल वापरायची. "फ्युएल प्राइसेस कट" म्हणजे इंधनाचे दर कापले गेले, कारण दर स्वतः काही कापू शकत नाहीत. हाच मथळा "गव्हर्न्मेंट कट्स फ्युएल प्राइसेस" असा असता तर प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या रूपाची आणखी एक जागा आपल्या लोकांना हटकून चकवते. आपण सलूनमधून येतो आणि म्हणतो, "केस कापले." कुणी कापले हे सांगायची गरज नसते, न्हाव्याने कापले हे सगळ्यांना माहीत असतं. इंग्रजीत "आय कट माय हेअर" म्हटलं तर मी स्वतःच आरशापुढे कात्री चालवली, असा समज होऊ शकतो. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर "आय हॅड माय हेअर कट" म्हणायचं. यात 'हॅड' नंतर आधी केस, मग 'कट'. शब्दांचा क्रम हलला तर अर्थ हलतो: "आय हॅड कट माय हेअर" म्हणजे पुन्हा मीच कापले होते, आणि तेही त्याआधी.

पाचवी पायरी: रीड की रेड

आता घराण्यातला हा विचित्र भाऊ. लिहायला तिन्ही रूपं एकच, आर-ई-ए-डी. बोलायला मात्र पहिलं रूप 'रीड', दुसरं आणि तिसरं 'रेड', लाल रंगाच्या 'रेड'सारखंच. बाकीच्या क्रियापदांत काळ डोळ्यांना दिसत नाही तसा कानालाही ऐकू येत नाही. इथे कानाला येतो, पण लिहिलेलं मोठ्याने वाचणाऱ्याला तोंड उघडण्याआधी काळ ठरवावा लागतो.

हे अगदीच परकं नाही. आपणही लिहितो 'जग' आणि वाचतो दोन तऱ्हांनी. "हे जग मोठं आहे" मधला 'ज' वेगळा आणि "तू सुखाने जग" मधला 'ज' वेगळा. मराठी माणूस कधी अडखळत नाही, कारण पुढचे-मागचे शब्द डोळ्याने आधीच टिपलेले असतात. 'रीड'लाही तेच करायचं, फक्त सवय नसल्यामुळे आधी खुणा पाठ कराव्या लागतात.

क्रियापदाच्या आधीचा शब्द बघा. 'टु, विल, कॅन, मस्ट, डू, डज, डिड' यांपैकी काही असेल तर 'रीड'. 'हॅव, हॅज, हॅड, इज, वॉज, वेअर, बीन' यांपैकी असेल तर 'रेड'. 'ही, शी' किंवा एकट्या माणसाचं नाव थेट आधी असेल तर बहुतेक 'रेड', कारण वर्तमानात 'रीड्स' झालं असतं. "लेट हिम रीड" किंवा "शी मेड हिम रीड" मध्ये मात्र 'रीड', पण तिथे 'ही' नसून 'हिम' आहे हे लक्षात घ्या. 'एस' किंवा 'आयएनजी' लागलं असेल तर नेहमी 'रीड': रीड्स, रीडिंग.

यातलं 'डिड' सर्वांत जास्त लोकांना पाडतं. "डिड यू रीड माय मेसेज?" हा प्रश्न कालच्याबद्दल आहे, म्हणून जीभ आपोआप 'रेड' म्हणते. पण काळ 'डिड'ने घेतला आहे, मागे मोकळं 'रीड'च येणार. उत्तरात मात्र "येस, आय रेड इट." प्रश्नात रीड, उत्तरात रेड, आणि लिहिताना दोन्हीकडे तीच चार अक्षरं.

मोबाइलच्या पडद्यावर हा शब्द दिवसातून शंभरदा दिसतो, तिथे सराव फुकट होतो. मेलमध्ये Mark as read असं येतं. त्याचा अर्थ 'वाचलेलं अशी खूण कर', म्हणजे तिसरं रूप, उच्चार 'मार्क अ‍ॅज रेड'. आपल्याकडे ऑफिसात सर्रास 'मार्क अ‍ॅज रीड' ऐकू येतं. Unread म्हणजे न वाचलेलं, उच्चार 'अनरेड'. निळ्या टिकांच्या सेटिंगमधलं Read receipts हे वाचल्याची पावती, म्हणून 'रेड'. मात्र लांब मेसेजच्या खाली Read more येतं ती आज्ञा आहे, 'पुढे वाच', म्हणून 'रीड मोअर'. मराठीत उलथवून बघितलं की लगेच कळतं: 'वाच' निघालं तर रीड, 'वाचलेलं' निघालं तर रेड.

हा भाऊ असा का निघाला? जुन्या इंग्रजीत याच्या मुळातला स्वर लांब होता आणि भूतकाळी रूपात 'द्द' असा जोड 'द' येई. जोड व्यंजनाआधीचा लांब स्वर आखूड झाला. पुढे साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले लांब स्वर एकेक करत सरकले आणि लांबवाल्याचा 'ई' झाला. आखूडवाला जागेवरच राहिला. 'फीड-फेड', 'ब्लीड-ब्लेड', 'लीड-लेड' या जोड्या याच वाटेने आल्या. फरक एवढाच की त्यांचं स्पेलिंग उच्चाराबरोबर बदललं आणि 'रीड'चं राहून गेलं.

या शेजाऱ्यांमुळे एक चूक मागच्या दाराने शिरते. 'रीड'चा भूतकाळ तसाच लिहितात म्हणून लोक 'लीड'चा भूतकाळही एल-ई-ए-डी लिहितात. तो एल-ई-डी आहे, बल्बसारखा. एल-ई-ए-डी लिहून 'लेड' म्हणतात ते शिसं, धातू. दुसरीकडे 'स्प्रेड' दिसायला 'रीड'च्या घरातलं, पण ते तिन्ही काळांत 'स्प्रेड'च, 'स्प्रीड' कधीच नाही.

सहावी पायरी: आयएनजी लावताना

हे पटकन उरकतं. कटिंग, पुटिंग, हिटिंग, सेटिंग, शटिंग यांत 'टी' दोनदा लिहायचा, कारण त्याआधी एकच स्वराक्षर आहे. हर्टिंग, कॉस्टिंग, बर्स्टिंग यांत शेवटी आधीच दोन व्यंजनं, म्हणून दुहेरी नाही. रीडिंग आणि स्प्रेडिंगमध्ये आधी दोन स्वराक्षरं, म्हणून तिथेही नाही. टपरीच्या पाटीवर 'कटिंग' एका 'टी'ने लिहिलेलं दिसलं तर चहा प्या, स्पेलिंग उचलू नका.

सातवी पायरी: तोतये ओळखा

काही क्रियापदं या घराण्यातली वाटतात आणि नसतात. 'सिट' दिसायला 'हिट'चा जुळा, पण त्याचं 'सॅट'. 'गेट'चं 'गॉट'. 'सेंड' आणि 'स्पेंड' यांचा 'ड' भूतकाळात 'ट' होतो, सेंट आणि स्पेंट. 'बीट', म्हणजे मारणं किंवा हरवणं, अर्धं इथलं आहे: दुसरं रूप 'बीट'च, तिसरं 'बीटन'. उलट 'कम' आणि 'रन' यांचं पहिलं आणि तिसरं सारखं, मधलं वेगळं: केम, रॅन. शाळेतल्या तक्त्यात ही सगळी जवळजवळ छापलेली असतात, म्हणून डोक्यात एकमेकांत मिसळतात.

काहींची दोन्ही रूपं चालतात. 'निट' आणि 'निटेड', 'फोरकास्ट' आणि 'फोरकास्टेड'. 'फिट'चा भूतकाळ अमेरिकेत बहुतेक 'फिट', इंग्लंडमध्ये 'फिटेड'. 'स्पिट'चं इंग्लंडमध्ये 'स्पॅट', अमेरिकेत 'स्पिट'ही चालतं. यांत वेळ घालवू नका, जे ऐकाल ते धरा.

'कॉस्टेड' मात्र खरोखर अस्तित्वात आहे. एखाद्या कामाला किती खर्च येईल याचा अंदाज बांधला, तर "द इंजिनियर कॉस्टेड द प्रोजेक्ट" म्हणतात. काकांच्या हेडलाइटचा कुणी अंदाज बांधला नव्हता, पैसे पडले होते, म्हणून तिथे 'कॉस्ट'. 'पुटेड'सारखा दिसणारा शब्दही आहे, पण तो गोल्फमधला. चेंडू हलकेच छिद्राकडे ढकलण्याच्या क्रियेचा तो भूतकाळ, उच्चार 'पटेड', आणि त्याची 'पुट'शी गल्लत करू नका.

सराव कसा करायचा

तक्ता घोकण्याऐवजी एकेका क्रियापदाची तीन वाक्यं करा, आणि कर्ता मुद्दाम 'ही' किंवा 'शी' ठेवा, म्हणजे 'एस'ची जागा जिभेला कळते. "शी पुट्स द कीज हिअर एव्हरी डे. शी पुट द कीज हिअर यस्टरडे. शी हॅज पुट द कीज हिअर." कामांवरूनच वाक्यं घ्या. स्वयंपाकघरात 'कट' आणि 'पुट', दुकानात 'कॉस्ट', दार-खिडक्यांना 'शट'. रोज दोन क्रियापदं पुरेत, पण मोठ्याने.

काकांनी आता रजिस्टरच्या पानाच्या वर तारीख आणि "लास्ट नाइट" असं ठळक लिहायला सुरुवात केली आहे. मागच्या आठवड्यात शेवटची ओळ होती: "सुपरवायझर रेड द रजिस्टर अँड पुट हिज साइन." लिहिलं होतं अर्थातच आर-ई-ए-डी, पण वर्गात वाचून दाखवताना त्यांनी न थांबता 'रेड' म्हटलं. मी कारण विचारलं. "सुपरवायझर एकच आहे मॅडम, आणि 'एस' नाही," ते म्हणाले.

ही पाच वाक्यं तुम्ही सोडवून बघा. 'रीड'च्या जागी मी आर-ई-ए-डी ठेवलंय, उच्चार तुम्ही ठरवा.

शी आर-ई-ए-डी द लेटर ट्वाइस.
हॅव यू आर-ई-ए-डी द नोटीस?
दे डिडन्ट आर-ई-ए-डी द बोर्ड.
माय फादर कट द ग्रास.
आय आर-ई-ए-डी द पेपर इन द गॅलरी.

पहिलं रेड, 'एस' नाही म्हणून. दुसरं रेड, 'हॅव'मुळे. तिसरं रीड, 'डिड'मुळे. चौथ्यात वडिलांनी गवत कापलं. रोज कापतात असं म्हणायचं असतं तर 'कट्स' हवं होतं. पाचव्याला दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तो माणूस रोज गॅलरीत पेपर वाचतो की आज सकाळी वाचला, हे पुढचं वाक्य मिळेपर्यंत कुणालाच सांगता येणार नाही.